फोटोतला फिल्टर

आमच्या घरच्या ग्रुपवर मृग लागला की फिल्टरचे फोटो यायला लागतात. लग्नपत्रिका आणि वाढदिवसांच्या केकमध्ये मधूनच एखादी तपकिरी झालेली कँडल, एखादा पांढरी पुटं चढलेला नळ, आणि खाली प्रश्न : 'बदलायचा का?' मी साताऱ्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. फोटो बघून उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. जमतं थोडंफार. पण फोटोत जे ठळक दिसतं ते बहुधा निर्णयाचं नसतं, आणि ज्यावर निर्णय घ्यायचा ते फोटोत मावत नाही.

यंदाचा फोटो सांगलीचा होता. विश्रामबागेतली माझी नणंद, तिच्या स्वयंपाकघरातलं आरओचं मशीन. पारदर्शक बाऊलमधली कँडल कॉफीच्या रंगाची झालेली, खालच्या टोकाला जवळपास काळी. बाऊलच्या आट्यांपासून खाली भिंतीच्या टाइलपर्यंत पांढऱ्या खपल्यांचा ओघळ. फिल्टरवाल्याने बघून सांगितलं होतं की कँडल, कार्बन, मेंब्रेन सगळंच बदलायला लागेल. भाच्याने फोटोखाली लिहिलं होतं, "मामी, एवढं सगळं खरंच गेलंय का?"

त्याला उत्तर देण्याआधी मी उलटे चार प्रश्न विचारले. त्यातला पहिला पाण्याचा होता : सध्या टाकीत नदीचं किती आणि बोअरचं किती?

हा प्रश्न सातारा-सांगलीच्या माणसाला विचारावाच लागतो. नदी दोघांची एकच. महाबळेश्वरला उगम पावून, वाईवरून, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला घेऊन कृष्णा सांगलीत येते. पण नळाचं पाणी एक नाही. सातारा शहराच्या बऱ्याच भागाला कासचं पाणी येतं. जांभ्याच्या पठारावर पडलेला पाऊस, दगडातून फारसा न मुरता तलावात साठलेला. त्यात विरघळलेलं असं फार काही नसतंच. आमच्या नळाखाली टीडीएसचं मीटर धरलं तर आकडा शंभराच्या कितीतरी खाली राहतो. हे पाणी डाळ चटकन शिजवतं, साबणाला फेस भरपूर देतं आणि गीझरच्या कॉइलवर वर्षानुवर्षं काही धरत नाही. पावसाळ्यात मात्र तांबूस गाळ घेऊन येतं. सांगलीत उलटं. महापालिकेचं कृष्णेचं पाणी तसं बरं, पण उन्हाळ्यात ते पुरेना झालं की सोसायट्या बोअर सुरू करतात आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. काळ्या पाषाणाच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊनच वर येतं. पूर्वेला आटपाडी, जतकडे जावं तसं ते आणखी जड होतं. साताऱ्यालाही या बाबतीत फुशारकी मारायला जागा नाही. दहिवडी-वडूजच्या बोअरचं पाणी चहाच्या पातेल्यात कडेला पांढरी रेघ सोडतंच. तेव्हा जिल्ह्याचं नाव सांगून भागत नाही, टाकीत आज काय पडतंय ते सांगावं लागतं.

भाच्याचं उत्तर आलं, "मार्चपासून बोअरच जास्त आहे. आता चार दिवस झाले, नदीचं गढूळ यायला लागलंय." म्हणजे पांढरं उन्हाळ्याचं होतं आणि तपकिरी या आठवड्याचं. फोटोत दोन्ही एकदम दिसत होतं, म्हणून मशीनचा अगदी निकाल लागल्यासारखं वाटत होतं.

दुसरा प्रश्न पांढऱ्याच्या जागेचा. क्षार कुठे साचलेत यावरून त्यांचा अर्थ बदलतो. बाऊलच्या बाहेर, आट्यांखाली खपल्या असतील तर तिथून थेंबथेंब गळतंय आणि पाणी उडून क्षार मागे राहतायत, एवढंच ते सांगतं. तिथली रबरी रिंग बसकी झालेली असते, नाहीतर कँडल बदलताना वाकडी बसलेली असते. त्याचा मेंब्रेनशी काही संबंध नाही. शुद्ध पाण्याच्या नळाच्या तोंडाशी जाड पांढरं धरलं असेल तर मात्र कान टवकारावेत. तिथे क्षार काढून टाकलेलं पाणी येतं. ते रोज ठिबकलं तरी असं पूट चढायला नको. चढलंच तर मेंब्रेनमधून क्षार निसटतायत, किंवा चव यावी म्हणून कच्चं पाणी मिसळण्याचा जो स्क्रू असतो तो कुणीतरी फार उघडून ठेवलाय. आणि वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते, तिच्या तोंडाशी पांढरं असेल तर ते सगळ्यात बोलकं. आतून बाहेर पडणारं ते सगळ्यात दाट पाणी. आत काय चाललंय याचा नमुना तिथे मिळतो.

मी त्याला नळीच्या तोंडाचा जवळून फोटो काढायला सांगितलं, फ्लॅश बंद करून आणि शेजारी पांढरा कागद धरून. ट्यूबच्या आणि फ्लॅशच्या उजेडात तपकिरी, पिवळा आणि काळपट हे रंग मोबाइलमध्ये एकमेकांत मिसळतात. कागद शेजारी असला म्हणजे निदान पांढरं कशाला म्हणायचं ते कळतं. फोटो आला. शुद्ध पाण्याचा नळ स्वच्छ होता. वाया जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी खडबडीत कडं झालं होतं, इतकं की भोक निम्म्यावर आलेलं. लिंबू पिळल्यावर त्यावर बारीक बुडबुडे आले. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

आता मोजमाप. आरओच्या मशीनला मोजायला नळाखाली भांडं धरून चालत नाही, कारण नळाला येतं ते मशीनच्या टाकीत आधी साठलेलं पाणी. ते धो धो येतंच. टाकी पूर्ण रिकामी करायची, नळ उघडाच ठेवायचा, आणि मग जी बारीक धार लागून राहते ती मेंब्रेनची खरी धार. ती लिटरच्या मापात धरायची, वाया जाणारी नळी बादलीत सोडायची, आणि मोबाइलवर वेळ लावायची. घरोघरी असतात ती मशीनं नवी असताना तासाला बारा-पंधरा लिटर शुद्ध पाणी देतात, म्हणजे एक लिटरला चार-पाच मिनिटं. थंडीत हा वेळ वाढतो. पाणी एका अंशाने गार झालं की धार साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे डिसेंबरात सकाळी मोजून घाबरायचं नाही.

नणंदेचं एक चांगलं आहे, तिला वहीत लिहून ठेवायची सवय. गॅसची टाकी कधी लागली, दूध किती, आणि मशीन बसवलं त्या दिवशी मी मोजायला लावलेले आकडेही तिच्या वहीत होते : एक लिटर शुद्ध पाणी पाच मिनिटांत, तेवढ्या वेळात वाया सव्वादोन लिटर. हे दोन आकडे नसते तर पुढचं काही बोलता आलं नसतं. जुन्या आकड्याशिवाय आजचा आकडा लंगडाच असतो.

आजचं माप असं निघालं. एक लिटर शुद्ध पाण्याला नऊ मिनिटं, आणि त्या नऊ मिनिटांत वाया गेलेलं पाणी दीड लिटर. दोन्ही धारा मंदावलेल्या. इथे फिल्टरवाल्याच्या म्हणण्यातली पहिली गाठ सुटली. नुसतं मेंब्रेन तुंबलं असतं तर शुद्ध पाण्याची धार गेली असती आणि वाया जाणारी बरी राहिली असती, कारण वाया जाणारं पाणी मेंब्रेनच्या अंगावरून सरकून निघून जातं, त्याला आरपार जावं लागत नाही. दोन्ही धारा एकदम पडल्या की अडथळा मेंब्रेनच्या आधी शोधायचा : बाहेरची कँडल, आतली सेडिमेंट नाहीतर कार्बनची कँडल, किंवा पंप. पंपाला पाणीच कमी मिळत असलं की त्याचा आवाजही बदलतो. भाचा म्हणाला, "हो, घरघरतोय."

मी म्हटलं, आधी फक्त बाहेरची कँडल बदल. सगळ्यात स्वस्त तीच, पाना असला तर घरी बदलता येते, आणि बाऊल उघडलाच आहेस तर रबरी रिंग धुऊन नीट बसव. जुनी कँडल फेकू नकोस, हॅक्सॉने मधोमध आडवी काप.

कापलेल्या कँडलचा फोटो मला या सगळ्यात आवडतो. ही कँडल म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा गुंडाळा. बाहेरून सैल, आत मध्याकडे घट्ट होत गेलेला. गाळाचे मोठे कण बाहेर अडतात, बारीक आत, आणि पाणी मधल्या भोकातून निघून जातं. म्हणून वरून दिसणारा रंग फक्त बाहेरच्या थराचा. कापल्यावर जर तपकिरी रंग बाहेरच्या दोन-तीन मिलिमीटरांत संपला आणि पुढे पांढरं शुभ्र असेल तर ती कँडल अजून चालली असती. रंग मध्यापर्यंत पोचला असेल तर गाळ पलीकडेही गेलेला असतो आणि बदलायला उशीर झालेला असतो. भाच्याच्या कँडलमध्ये बाहेर एक मातकट कडं होतं, त्याच्या आत फिकट पिवळसर पट्टा आणि मध्याभोवती बोटभर पांढरं. गाळ पलीकडे गेला नव्हता. पण बाहेरचं कडं इतकं लिंपलेलं होतं की पाणी शिरायलाच वाट नव्हती. संक्रांतीला बसवलेली कँडल, पाच महिने झालेले; बदलायची वेळ झालीच होती.

रंगाचं आणखी थोडं सांगायला हवं, कारण लोक काळ्याला सगळ्यात जास्त घाबरतात. तपकिरी, मातकट किंवा तांबूस म्हणजे नदीचा गाळ. भडक नारिंगी असेल आणि बोटाला गंजासारखं लागत असेल तर तो इमारतीच्या जुन्या लोखंडी पाइपांचा. काळपट बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातल्या मँगेनीजचा किंवा टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाचा. हे सगळे रंग कँडल आपलं काम करतेय याचे आहेत. त्यांच्यासाठी धार मोजावी आणि मग ठरवावं. हिरव्याला मात्र मोजायचं नाही. गॅलरीत उन्हात लावलेल्या पारदर्शक बाऊलमध्ये शेवाळ धरतं, आणि तिथे धार कितीही चांगली असली तरी कँडल त्याच दिवशी काढायची, बाऊल ब्लीचच्या पाण्याने धुवायचा आणि त्याला सावली करायची. हात लावल्यावर बुळबुळीत लागणारी किंवा कुबट वास मारणारी कँडलही तशीच.

कँडल बदलून त्याने पुन्हा मोजलं. एक लिटर शुद्ध पाणी साडेपाच मिनिटांत. पाचाच्या जवळ आलं. घरात आनंद झाला. नणंदेने ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी वाया गेलेल्या पाण्याचा आकडा विचारला. तो होता सव्वा लिटर.

मला तो आकडा खटकला. बसवताना एका लिटरमागे सव्वादोन लिटर वाया जात होतं, आता सव्वाच. नणंदेचं म्हणणं, "वहिनी, बरंच झालं की. पाणी वाचतंय." कुणालाही असंच वाटेल. पण हिशेब करून बघू. बसवलं तेव्हा सव्वातीन लिटर आत जाऊन एक लिटर शुद्ध निघत होतं, म्हणजे शेकडा एकतीस. क्षार जवळजवळ सगळे मागे राहतात, ते उरलेल्या सव्वादोन लिटरमध्ये कोंबले जातात. बाहेर पडणारं पाणी आत आलेल्यापेक्षा साधारण १.४ पट दाट. आता सव्वादोन लिटर आत जाऊन एक लिटर शुद्ध, म्हणजे शेकडा चव्वेचाळीस, आणि सगळे क्षार सव्वा लिटरमध्ये. दाटपणा १.८ पट. आधीच जड असलेलं बोअरचं पाणी जवळपास दुप्पट दाट होऊन मेंब्रेनच्या पृष्ठभागावरून सरकतंय, आणि मेंब्रेनच्या अगदी अंगाला लागून ते याहूनही दाट असतं. कॅल्शियम तिथेच खडा धरणार.

वाया जाणारं पाणी कमी का झालं? त्या वाटेवर एक बारीक तुकडा असतो, फिल्टरवाले त्याला एफआर म्हणतात. बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिक, आत केसासारखी वाट, वर बाण आणि एक आकडा, भाच्याच्या मशीनला ४५०. मिनिटाला किती मिलिलिटर सोडायचं त्याचा तो आकडा. ही वाट अडवून धरते म्हणूनच मेंब्रेनवर दाब तयार होतो. सगळ्यात दाट पाणी सगळ्यात अरुंद वाटेतून जातं, तेव्हा क्षार पहिल्यांदा तिथेच धरतात यात नवल नाही. आणि तिथे धरले की दाब वाढतो, शुद्ध पाण्याची धार उलट चांगली राहते, टीडीएसही चांगला दिसतो. सगळं छान चाललंय असं वाटत असताना मेंब्रेनवर थर चढत असतो. महिन्या-दोन महिन्यांनी धार पडते, आणि मग जे बदलायला लागतं ते मशीनमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक.

माझं हे लांबण ऐकून भाच्याच्या तासगावच्या सासऱ्यांनी एका वाक्यात विषय संपवला. त्यांची द्राक्षबाग आहे. म्हणाले, "ड्रिपर धरला की आपण लॅटरल बदलत नाही, ॲसिड देतो." तासगाव-कवठेमहांकाळचे बागायतदार हे काम वर्षानुवर्षं करत आलेत. लॅटरलच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडी ठेवून किती पाणी पडतं ते बघतात, फरक पडला की ॲसिड सोडतात, धुऊन काढतात. नळीचा रंग बघून कुणी ठरवत नाही. फक्त स्वयंपाकघरात ॲसिड सोडायचं नसतं. एफआरचा तुकडा इतका स्वस्त आहे की धूत बसण्यापेक्षा नवा टाकावा. तोही त्याच आकड्याचा. पाणी वाचावं म्हणून लहान आकड्याचा बसवून देणारे लोक आहेत. कासच्या पाण्याला ते एक वेळ चालेल, विश्रामबागेच्या बोअरला चालणार नाही.

राहिलं मेंब्रेन आणि कार्बन. मेंब्रेनसाठी टीडीएसचं मीटर आणलं. सासऱ्यांकडे फवारणीच्या पाण्यासाठी होतंच. आत येणारं पाणी ६४०, नळाला ९५. पण नळाच्या पाण्यात मिसळणीच्या स्क्रूमधून आलेलं कच्चं पाणी असतं. स्क्रू पूर्ण बंद करून, टाकी रिकामी करून पुन्हा घेतलं तेव्हा ६०. म्हणजे दर शंभरातले नव्वद क्षार मेंब्रेन अडवतंय. ते बदलण्याचं काहीच कारण नव्हतं. हाच आकडा शंभरातले सत्तर असा आला असता, तोही धार नेहमीची किंवा वाढलेली असताना, तर मेंब्रेन फाटलंय किंवा त्याची रिंग सुटलीय असं म्हटलं असतं; धारही पडलेली आणि आकडाही वाढलेला, तर क्षारांनी धरलंय. टीडीएसच्या मीटरला एक मर्यादा आहे ती सांगितली पाहिजे. ते फक्त विरघळलेले क्षार एकत्र मोजतं, त्यातला जडपणा किती ते वेगळं सांगत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं म्हटलंय. तो आकडा हवा असेल तर पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्यावी लागते, किंवा माशांच्या टाकीसाठी मिळतं ते थेंबांचं किट आणावं.

कार्बनची कँडल फोटोत बंद डबीत असते, काही दिसत नाही. पण नदीच्या पाण्यासाठी तिचं काम फार महत्त्वाचं आहे, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेनला पोचलं तर त्याचा थर खाऊन टाकतं, आणि कार्बन ते आधी काढून घेतो. गढूळ पाण्याच्या दिवसांत क्लोरीनची मात्रा वाढवतात, म्हणजे कार्बनवरचा भार नेमका आत्ताच वाढलेला. तपासायची युक्ती गावातल्या जलसुरक्षकाला पाठ असते. टीसीएल पावडर टाकल्यावर तो ओ.टी. टेस्ट करतो, ट्यूबमध्ये पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. हीच टेस्ट नळाच्या पाण्यावर आणि मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्यावर करायची. नळाचं पिवळं आणि वाया जाणारं रंगहीन, तर कार्बन ठीक. दोन्ही पिवळी, तर त्याच दिवशी कार्बन बदला, मेंब्रेनचा विचार नंतर. भाच्याने केली. नळाचं पिवळसर, वाया जाणारं पाण्यासारखं पाणी.

तेव्हा फिल्टरवाल्याने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एक बदलली, दोन ठेवल्या, आणि त्याने न सांगितलेली चौथी बदलली. तो माणूस काही फसवत होता असं मला वाटत नाही. त्याला दिवसाला पंधरा घरं करायची असतात, आणि रिकाम्या टाकीखाली नऊ मिनिटं माप धरून बसायला त्याला कोण पैसे देणार? शिवाय सगळं बदललं की तक्रार परत येत नाही. एफआर बसवायला तोच आला आणि पाच मिनिटांत बसवून गेला. नंतरचं माप : पाच मिनिटं, एक लिटर, वाया सव्वादोन. नणंदेने ते जुन्या आकड्यांखाली लिहिलं. त्या वाया गेलेल्या पाण्याने ती फरशी पुसते आणि संडासात टाकते. झाडांना घालू नको म्हणून मी सांगितलंय. गुलाब एक-दोन महिने काही बोलत नाही आणि मग पानांच्या कडा करपायला लागतात.

त्याच आठवड्यात साताऱ्यातला फोटो आला, शाहूपुरीतल्या माझ्या मैत्रिणीचा. कँडल विटकरी, पांढरं कुठेच नाही. तिच्याकडे आरओ नाही, नुसतं यूव्ही आणि यूएफचं मशीन, आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं, त्याच्या किती तरी खाली तिच्या नळाचं पाणी. तिला मी धार बघायला सांगितलं, आणि धार नेहमीसारखी होती. मग रंगाकडे बघायचं कारण नाही. कँडल सप्टेंबरपर्यंत राहू दे, गणपती उठल्यावर, पाणी निवळल्यावर बदल. आत्ता नवी घातली तर पंधरा दिवसांत ती अशीच विटकरी होईल. पण यूव्हीचा दिवा कधी बदलला, हे विचारल्यावर ती गप्प झाली. निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा चालू आहे असं आपण धरतो. दिव्याचा दिसणारा उजेड आणि जंतू मारणारा न दिसणारा उजेड एकाच वेगाने कमी होत नाहीत. आठ-नऊ हजार तासांनंतर, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या मशीनला साधारण वर्षभरात, निळं तसंच दिसत राहतं आणि काम मात्र उरलेलं नसतं. शिवाय दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर गाळाचा पातळ पडदा धरला की उजेड पाण्यात पोचतच नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला हीच नळी पुसायची असते, आणि ती फोटोत येत नाही. तिच्या बाबतीत मी कँडल राहू दिली आणि दिवा लगेच बदलायला लावला.

एका प्रसंगी मात्र हे सगळं मोजणं बाजूला ठेवायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर, आणि सांगलीतल्या तळमजल्यांवरच्या ओट्यांवरून पाणी गेलं. त्या पाण्यात बुडालेल्या मशीनला धार, टीडीएस काही विचारायचं नाही. कँडल, कार्बन, मेंब्रेन सगळं काढून टाकायचं, टाकी आणि नळ्या क्लोरीनने धुवायच्या, वीजपुरवठ्याचा डबा वाळवायच्या भानगडीत न पडता नवा घालायचा, आणि ते होईपर्यंत पाणी उकळून प्यायचं. इमारतीची जमिनीतली टाकी बुडाली असेल तर ती आधी.

भाच्याने आता मला वेळापत्रक मागितलंय. दर सहा महिन्यांनी सर्व्हिस, असं कार्डावर छापलेलं त्याला पटेनासं झालंय. मी त्याला सध्या दोनच दिवस दिलेत. एक मेमध्ये, बोअर जोरात असताना : वाया जाणारं पाणी मोजायचं, सव्वादोनाचं पावणेदोन झालं की एफआर. दुसरा गणपती उठल्यावर, गाळ निवळल्यावर : बाहेरची कँडल, आणि ओ.टी. टेस्ट पिवळी आली तर कार्बन. वर्ष होऊन गेलं असेल तर न बघताच. मेंब्रेनला तारीख नाही, त्याला शंभरातले नव्वद हा आकडा आहे. तो ऐंशीच्या खाली आला की फोन कर म्हटलंय. नणंदेला हे सगळं मान्य आहे, फक्त मोजायला टाकी रिकामी करायची तर ती म्हणते एकादशीला करा, त्या दिवशी स्वयंपाकाला पाणी कमी लागतं.